रिझर्व्हला लावली की गाडी का बंद पडते?

कळवा पुलाच्या चढावर भाच्याची गाडी आचके द्यायला लागली. पेट्रोल संपत आलं असणार म्हणून त्याने चालता चालताच खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवला. गाडी जेमतेम अर्धा किलोमीटर गेली आणि कायमची गप्प झाली. किक मारून मारून पाय दुखला, तेव्हा ढकलत घरी आणली आणि मला फोन केला. "मामा, साध्या पेट्रोलवर महिनाभर मस्त चालली. रिझर्व्हला लावली आणि मेली. टाकीत पेट्रोल आहे, हलवलं की वाजतंय."

गाडी त्याच्या आजोबांची, कार्ब्युरेटरवाली 100 सीसी. दोन पावसाळे बिल्डिंगखाली उभी होती, टाकी तिसरा हिस्सा भरलेली. मागच्या महिन्यात त्याने नवीन बॅटरी टाकली, वरून ताजं पेट्रोल भरलं आणि चालवायला लागला. मला वाटतं, त्याच्या त्या एका वाक्यात आजाराचं पूर्ण निदान होतं.

पेट्रोल कॉकला टाकीच्या आत दोन तोंडं असतात. एक बारीक नळी कॉकमधून वर उभी राहते, साधारण बोटभर उंच. कॉक 'ऑन'ला असताना पेट्रोल या नळीच्या वरच्या टोकातून येतं. पातळी टोकाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो, मग आपण 'रिझर्व्ह' करतो आणि नळीच्या बुडाशी असलेलं दुसरं भोक उघडतं. म्हणजे 'ऑन'वर गाडी कितीही चालवा, तळातलं लिटर-सव्वा लिटर द्रव जागचं हलत नाही. जे जड असेल ते तिथे जाऊन बसतं आणि बसूनच राहतं.

पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊण पट असते. पाणी त्यात मिसळत नाही, तळाशी थर करून राहतं. गंज तर पाण्यापेक्षाही कितीतरी जड. टाकी खालून फ्रेमवर घोड्याच्या खोगिरासारखी बसते, त्यामुळे तिला डावीकडे आणि उजवीकडे दोन खोलगट पोटं असतात. त्यातल्या एका पोटाच्या तळाशी कॉक असतो. भाच्याने त्या दिवशी कॉक फिरवला तेव्हा दोन वर्षं साचलेला गाळ पहिल्यांदाच कार्ब्युरेटरकडे निघाला.

खात्री करायला आम्ही कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून रिकाम्या पारदर्शक बाटलीत सोडला आणि कॉक रिझर्व्हला ठेवला. बाटली भरली, दहा मिनिटं न हलवता ठेवली. वर पिवळसर पेट्रोल, मध्ये सुरीने कापावी तशी रेघ, खाली दोन बोटं गढूळ पाणी आणि बुडाला विटकरी भुकटी. पाणी साठ मिली तरी होतं.

एवढं पाणी आलं कुठून? नेहमीचं उत्तर असं, की अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते आणि आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन बसते. दव बसतं हे खरं, आणि टाकीच्या छताला आतून जो पातळ गंज दिसतो तो त्याचाच. पण हिशेब करून बघा. ठाण्याच्या भर पावसाळ्यातल्या दमट हवेत एका घनमीटरला साधारण पंचवीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. टाकीत सात लिटर जागा रिकामी असेल तर त्यात वाफ भरते पाव ग्रॅमपेक्षाही कमी. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने टाकी जी हवा आत-बाहेर घेते ती त्या जागेच्या तीन-चार टक्केच असते. अशा घोट-घोट दवाने साठ मिली जमायला जन्म जाईल.

म्हणून मी झाकण बघितलं. झाकणाखालचं रबर कडक होऊन चिरलं होतं. झाकणाभोवतीच्या खोलगट जागेतलं पाणी खाली वाहून नेणारं बारीक भोक चिखलाने बुजलं होतं. गाडीवर पाऊस पडला किंवा कोणी पाइपने गाडी धुतली की तिथे डबकं साचायचं आणि चिरेतून थेंब थेंब आत. हे रबर आणि हे भोक दुरुस्त न करता टाकी कितीही साफ केली तरी पुढच्या पावसाळ्यानंतर तेच होणार.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने यात एक भर पडते. इथेनॉल पाणी ओढून धरतं, त्यामुळे थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून जातं आणि दिसत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन खाली उतरतं. खालचा थर मग नुसतं पाणी राहत नाही, पाणी-अल्कोहोलचं मिश्रण होतो, आणि पत्र्याला ते चांगलंच बाधतं.

टाकी उतरवली, पेट्रोल पूर्ण काढलं, कॉक काढला. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं पेटणारं मिश्रण असतं. आम्ही ती उघड्या गच्चीत भांड्याच्या साबणाच्या पाण्याने तीन वेळा धुतली, वास पूर्ण जाईपर्यंत. मग मूठभर नट आत टाकून हलवले, सुटे पापुद्रे पडावेत म्हणून. नट मोजून टाका आणि मोजून काढा.

चिकटलेला गंज काढायला मी लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरतो. बरेच जण संडास साफ करायचं ॲसिड ओततात आणि गंज तासाभरात निघतोही. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड गंज संपला की थांबत नाही, लगेच लोखंड खायला लागतं, आणि पत्र्यावर कारखान्यात दिलेला धातूचा मुलामा असेल तर तोही नेतं. टाकीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. सायट्रिक ॲसिड सौम्य आहे. ते गंजातलं लोखंड सुटं करतं आणि सायट्रेटचे रेणू त्या लोखंडाच्या आयनांना चिमट्यासारखं धरून पाण्यात विरघळलेलं ठेवतात. चांगल्या पत्र्यालाही ते थोडं लागतं, पण इतकं हळू की आपल्याला बघून थांबता येतं.

कॉकच्या भोकावर रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी बोल्टने आवळली. दहा लिटर कडक गरम पाण्यात सहाशे ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून टाकी काठोकाठ भरली. अर्धवट भरली तर छताचा गंज तसाच राहतो. झाकण लावायचं नाही, कारण बारीक बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो. संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी हिरवट-पिवळं झालं होतं. टॉर्चच्या उजेडात आतला पत्रा करडा दिसला, एका कोपऱ्यात तपकिरी डाग. आणखी सहा तासांनी तोही गेला.

आणि मग मी चूक केली. पाणी ओतून टाकी दोनदा धुतली आणि उन्हात पालथी ठेवून जेवायला गेलो. तासाभराने बघतो तर आत सगळीकडे नारिंगी झाक. करड्या पत्र्यावर आता कसलंही आवरण उरलेलं नसतं. पाण्याने भरलेल्या टाकीत ऑक्सिजनला पत्र्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण केसाएवढ्या पातळ ओलाव्यातून तो झटकन पोचतो. त्यात ॲसिडचा अंश राहिलेला. म्हणून पूर्ण बुडालेली टाकी जेवढी गंजत नाही तेवढी ओलसर टाकी गंजते, आणि धुतल्यानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्यात नाजूक असतो.

पुन्हा दोन तास लिंबूसत्त्वाचं पाणी भरलं. या वेळी ते ओतल्याबरोबर दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा घालून टाकी खंगाळली, उरलेलं ॲसिड मारायला. फसफस थांबेपर्यंत तोंड उघडं ठेवलं. शेवटचं पाणी उकळतं घेतलं, कारण तापलेला पत्रा स्वतःच ओलावा उडवतो. लगेच ड्रायरची गरम हवा वीस मिनिटं. (काही जण पाणी ओढून घ्यायला अल्कोहोल फिरवतात. ते केलं असेल तर ड्रायर जवळही आणू नका.) टाकी कोरडी होताच अर्धा कप इंजिन ऑइल आत घालून सगळ्या बाजूंनी फिरवलं आणि जास्तीचं ओतून दिलं. गाडी लगेच वापरायची असल्याने एवढं संरक्षण पुरे.

गंज निघाल्यावर कधी कधी टाकी पाझरायला लागते, कारण भोक गंजानेच बुजलेलं असतं. त्यामुळे सुकवण्याआधीच, पाण्याने भरलेली असताना, खालची शिवण कोरड्या कागदाने टिपून बघावी. आमची कोरडी निघाली. पाझरली असती तर मी लेप-बिप न लावता टाकी बदलली असती.

जुना कॉक उघडला तर जाळी एका बाजूने फाटलेली आणि आतलं चार भोकांचं रबर फुगलेलं. किट मिळतं, पण बॉडीतही खड्डे पडले होते म्हणून अख्खा कॉक नवीन घेतला. बसवताना टाकीवरची बैठक कापडाने पुसून घेतली, ओ-रिंगला ऑइलचं बोट लावलं. बोल्टखालचे फायबरचे वॉशर फेकू नका. या बोल्टची भोकं काही गाड्यांत आरपार टाकीत जातात आणि स्टीलचा वॉशर लावला की आट्यांमधून पेट्रोल झिरपतं.

फिल्टर घेताना दुकानदाराने मोठा कागदी फिल्टर पुढे केला, "साहेब, हा जास्त चांगला गाळतो." मी बारीक जाळीचा पारदर्शक घेतला. या गाडीत पंप नाही, पेट्रोल फक्त उंचीच्या जोरावर उतरतं. टाकीचा तळ आणि कार्ब्युरेटर यांत वीतभर अंतर, त्यातून मिळणारा दाब हवेच्या दाबाच्या एक-दीड टक्का. पंपावर चालणाऱ्या गाडीच्या घट्ट फिल्टरमधून एवढ्याशा जोराने पेट्रोल पुरेसं जात नाही, आणि कागद पाण्याने भिजला तर वाट आणखी अडते. फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे ठेवला आणि पाइप कुठेही वर चढणार नाही असा कापला.

किती पेट्रोल यायला हवं, हेही मोजता येतं. ताशी 60 किलोमीटरने जाणारी, लिटरला 50 देणारी गाडी तासाला 1.2 लिटर पिते, म्हणजे मिनिटाला 20 मिली. आम्ही पाइप मापाच्या बाटलीत धरला. नवीन कॉकमधून मिनिटाला 210 मिली आलं, 'ऑन'वरही आणि रिझर्व्हवरही. मग टाकीचं झाकण घट्ट लावून पाच मिनिटं तसंच चालू ठेवलं. धार बारीक होत गेली असती तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं समजायचं. धार तशीच राहिली.

कार्ब्युरेटरचं चेंबर उघडून धुतलं, कारण जेटचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि गंजाचा एक कण फ्लोटच्या सुईखाली अडकला तरी पेट्रोल बाहेर सांडत राहतं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर भाच्याने फिल्टरचा फोटो पाठवला. तळाशी चिमूटभर लाल भुकटी. तो फिल्टर बदलला. दुसरा तीन आठवड्यांनी स्वच्छ होता, आणि त्या दिवशी तो मुद्दाम रिझर्व्हवर कळव्याहून नौपाड्याला आला.