वेगळं करणं आणि वर्गीकरण: बटणं, पानं आणि दगड

नियोजनवहीत ‘वर्गीकरण’ लिहिलेलं असतं आणि वर्गात मुलं लाल बटणं लाल वाटीत, पांढरी पांढऱ्या वाटीत टाकत असतात. उपक्रम चांगला आहे, पण याला वेगळं करणं म्हणायचं. इथे नियम ताईंनी ठरवला आहे, कधी तोंडाने सांगून तर कधी नुसत्या वाटीच्या रंगातून. मुलाने फक्त तो पाळायचा. वर्गीकरणात समोर नुसता ढीग असतो. कशावरून गट पाडायचे ते मूल शोधतं आणि जमेल तेव्हा तोच ढीग दुसऱ्या तऱ्हेनेही लावतं.

नर्सरीत दोन्ही हवं, आणि सुरुवात वेगळं करण्यापासूनच. मात्र एकाची तयारी करून दुसऱ्याची अपेक्षा धरली की गोंधळ होतो, आणि तो बहुतेक वेळा साहित्यातच असतो. समजा, लाल बटणं सगळी मोठी आणि पांढरी सगळी लहान आहेत. मुलाने बिनचूक दोन गट केले, तरी त्याने रंग पाहिला की आकार, हे कळायला मार्ग नाही. म्हणून वर्गीकरणासाठी एकाच आकाराची 12 बटणं घ्यावीत: 6 लाल, 6 पांढरी आणि प्रत्येक रंगात 3 दोन भोकांची, 3 चार भोकांची. आता रंगाने लावलं तरी 6-6 चे गट होतात आणि भोकांनी लावलं तरीही, पण गट वेगळे होतात. वाट्या एकसारख्या ठेवाव्यात, किंवा नुसत्या सुतळीच्या दोन रिंगणांत गट मांडायला द्यावेत. बटणं, पानं, दगड पहिल्याच दिवशी एकत्र ओतू नयेत. मुलं बटणं इकडे, पानं तिकडे करून मोकळी होतात आणि खरा विचार करायची वेळच येत नाही. आणखी एक, बटणं कोटाची, मोठी असावीत आणि ताईंनी शेजारीच बसावं. या वयात वस्तू तोंडात जातात.

प्रश्नही दोन्हींचे वेगळे. वेगळं करताना विचारायचं, “हे बटण कोणत्या वाटीत जाईल?” याला बरोबर आणि चूक असं उत्तर असतं. वर्गीकरणात आधी गप्प बसून बघायचं. मग विचारायचं, “ही सगळी एकत्र का ठेवलीस?” मूल “ही लाल आहेत” म्हणालं, तर एक पांढरं बटण पुढे करून, “हे तिकडे चालेल का? का नाही?” शेवटी सगळा ढीग कालवून, “आता दुसऱ्या तऱ्हेने लावायचं?”

या शेवटच्या प्रश्नावर तीन वर्षांचं मूल हमखास अडतं. “भोकं बघून लाव” म्हटलं तर “हो, भोकं” म्हणतं आणि हात पुन्हा रंगानेच लावत जातो. ते ऐकत नाही असं नव्हे. नवा नियम कळलेला असतो, पण जुना सोडणं जमत नसतं. चार-पाच वर्षांपर्यंत ते बहुतेकांना जमू लागतं. तोवर दुसरा नियम दुसऱ्या दिवशी घ्यावा.

मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी टिपलेली एक गोष्ट दगडांच्या वेळी हमखास दिसते. लहान मुलं गट पाडण्याऐवजी चित्र मांडतात. मोठा दगड आई, भोवतीचे खडे बाळं. किंवा साखळी होते: लांब पान, त्याच्याशेजारी लांब दगड, मग तसाच काळा दगड, मग काळं बटण. दर वेळी शेजारच्याशी काहीतरी जुळतं, पण सगळ्यांना लागू होणारा नियम नसतो. हे मोडून “नीट लाव” म्हणू नये. “हा याच्याशेजारी का?” एवढंच विचारावं आणि उत्तर वहीत टिपावं. पुढच्या महिन्यात तुलना करायला तेच उपयोगी पडतं.

दगडांचा आणखी एक गुण म्हणजे त्यांच्यात मधले असतात. मोठे-लहान असे दोन गट झाले की एक मध्यम दगड हातात द्यावा. कुणी तिसरा गट करतं, कुणी सगळे ओळीने लावायला घेतं. दोन्ही उत्तरं चालतात.

पानं ताजी हवीत. वाळली की रंग एकच होतो. आंबा, पिंपळ, जास्वंद, आपटा पुरे. कण्हेर आणि रुई आणू नये, दोन्ही विषारी. हात लावायला लावून विचारावं, “कोणत्या पानाची कड बोटाला टोचते?” जास्वंदीची दातेरी कड डोळ्यांआधी बोटांना कळते.

एक प्रश्न मात्र या वयात टाळावा. 8 लाल आणि 4 पांढरी बटणं ठेवून “लाल जास्त की बटणं जास्त?” विचारलं, तर मूल “लाल” म्हणणारच. ते लालची तुलना पांढऱ्यांशी करतं. लाल बटणं हीही बटणंच, हे एकाच वेळी मनात धरणं साधारण सात-आठ वर्षांचं काम आहे. नर्सरीत “लाल जास्त की पांढरी?” इतकंच पुरे.