मृत्युपत्रातला दुहेरी शब्द आणि मृत्युपत्रातली कोरी जागा

समजा, नौपाड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी मृत्युपत्र लिहिलं: ‘माझा ठाण्याचा फ्लॅट माझ्या मुलांना आणि राहत्या घरातल्या सगळ्या चीजवस्तू पत्नीला.’ दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. वाक्य वाचायला सरळ. ते गेल्यावर घोळ असा की ठाण्यात त्यांचे फ्लॅट दोन, राहता नौपाड्यात आणि दुसरा घोडबंदर रोडला.

हा घोळ कागदात नाही, कागदाबाहेर आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ८० यासाठीच आहे. शब्द स्पष्ट आहेत, पण ते दोन ठिकाणी लागू पडतात आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्यातलं एकच असणार. मग न्यायालय बाहेरचा पुरावा घेतं. ‘घोडबंदरचं घर तुम्हा भावंडांचं’ असं त्यांनी मुलांना लिहिलेलं पत्र असेल तर तेही पाहिलं जाईल.

आता त्यांनी ‘माझा ______ येथील फ्लॅट’ असं लिहून जागा भरायची राहिली असती तर? वरवर प्रश्न तोच, कोणता फ्लॅट. पण इथे उणीव कागदावरच दिसते आणि कलम ८१ लागतं. तेच पत्र आणा, अख्ख्या सोसायटीला साक्षीला उभं करा, त्यांना काय म्हणायचं होतं याचा बाहेरचा पुरावा घेतला जात नाही. मला हे आधी निष्ठुर वाटायचं. पण रिकामी जागा न्यायाधीशांनी भरली, तर ते मृत्युपत्राचा अर्थ लावत नाहीत, मृत्युपत्र लिहितात. ती देणगी अनिश्चित म्हणून कलम ८९ खाली रद्द होते. ‘उरलेली मिळकत अमक्याला’ असं कुठे लिहिलं असेल तर दोन्ही फ्लॅट त्याला. नसेल, आणि मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी असतील (कुटुंब हिंदू, गृहस्थांची आई हयात नाही), तर तिघांना एकेक तृतीयांश.

‘मुलांना’ हा शब्द आपल्या भाषेने केलेली खास पंचाईत आहे. त्यात मुलगी येते की फक्त मुलगे? इथे पुराव्याकडे धावण्याआधी न्यायालय अख्खं मृत्युपत्र वाचतं; कलम ८२ तेच सांगतं. पुढे कुठे ‘मुलांनी व मुलींनी भांडू नये’ असं असेल, तर ‘मुलं’ म्हणजे मुलगे हा अर्थ बळावतो. ‘माझी दोन्ही मुलं’ असं असेल आणि अपत्यं एक मुलगा, एक मुलगी अशी असतील, तर वाद तिथेच संपतो.

चीजवस्तूंचं त्या मानाने सोपं. भांडी, कपाट, टीव्ही पत्नीचे. कपाटातली एफडीची पावती मात्र नुसता कागद आहे. पैसे बँकेत आहेत, घरात नाहीत, म्हणून ते सहसा त्यात धरले जात नाहीत. मृत्युपत्रानंतर घेतलेला फ्रिज मात्र पत्नीलाच जाईल, कारण मृत्युपत्रात वेगळं काही सुचवलं नसेल तर कलम ९० प्रमाणे यादी मृत्यूच्या दिवशीची धरायची, सहीच्या दिवशीची नाही.