गेन तेवढाच, मग दुसरा ट्रान्झिस्टर कशाला?
कॅस्कोड अँप्लिफायर बोर्ड वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमचे दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून पाहणारे ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतात. एका ट्रान्झिस्टरच्या बोर्डाचा गेन १८०, कॅस्कोडचाही १८०. दुसरा ट्रान्झिस्टर गेन वाढवायला नाहीच. पहिल्याच्या कलेक्टरवरचं व्होल्टेज हलू न देणं, एवढंच त्याचं काम.

प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या आत कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये थोडा कपॅसिटन्स असतोच. तो ३ पिकोफॅरड धरू. ऐकायला किरकोळ वाटतो. पण साध्या कॉमन एमिटर जोडणीत बेस १ मिलिव्होल्ट वर गेला की कलेक्टर १८० मिलिव्होल्ट खाली येतो, म्हणजे या कपॅसिटन्सच्या दोन टोकांमधला फरक १८१ मिलिव्होल्टने बदलतो. त्यासाठी लागणारा सगळा चार्ज सिग्नल देणाऱ्या सर्किटला पुरवावा लागतो. त्याच्या दृष्टीने ते ३ पिकोफॅरड राहतच नाहीत, ३ × १८१ म्हणजे ५४३ होतात. यालाच मिलर इफेक्ट म्हणतात.

आता आकडे घालून पाहू. कलेक्टर करंट १ मिलिअँपिअर, त्यामुळे एमिटरचा आतला रेझिस्टन्स २६ ओहम. लोड रेझिस्टर ४.७ किलोओहम. सिग्नल सोर्सचा रेझिस्टन्स १ किलोओहम आहे, पण ट्रान्झिस्टरचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स त्याला समांतर येत असल्याने प्रत्यक्षात सुमारे ८०० ओहम धरायचा. बेस-एमिटरचे २० पिकोफॅरड मिळवले तर इनपुटवर एकूण ५६३ होतात आणि गेन साधारण ३५० किलोहर्ट्झलाच घसरायला लागतो.

कॅस्कोडमध्ये पहिल्याचा कलेक्टर थेट दुसऱ्याच्या एमिटरला जोडलेला असतो. दुसऱ्याच्या बेसवर ३ व्होल्ट स्थिर ठेवलेले असतात आणि सिग्नलपुरता तो बेस ग्राउंडच असतो. त्यामुळे पहिल्याला लोड म्हणून ४.७ किलोओहम नव्हे, दुसऱ्याच्या एमिटरचे २६ ओहम दिसतात. त्याचा व्होल्टेज गेन जेमतेम १ उरतो आणि ३ पिकोफॅरडचे फक्त ६ होतात. करंट मात्र जवळजवळ सगळाच दुसऱ्यातून पुढे ४.७ किलोओहममध्ये जातो, म्हणून एकूण गेन कमी होत नाही. दुसऱ्याच्या कलेक्टरवर मोठा स्विंग येतो खरा, पण त्याचा बेस ग्राउंड असल्याने तो स्विंग इनपुटपर्यंत पोचत नाही.

इनपुटची मर्यादा आता ७.७ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. पण पूर्ण बोर्डाची बँडविड्थ तेवढी धरू नका. आउटपुटला दुसऱ्या ट्रान्झिस्टरचे ३ आणि वायरिंग व पुढच्या स्टेजचे ५ असे ८ पिकोफॅरड असतील, तर ४.७ किलोओहमबरोबर ते ४.२ मेगाहर्ट्झलाच अडवतात. दोन्ही मिळून हाती येतात साधारण ३.७ मेगाहर्ट्झ. तरी दहापट झालीच.

तक्रारी बहुतेक इथेच येतात: ‘काहीच फरक दिसत नाही.’ स्कोपचा प्रोब १एक्सवर असेल तर केबलसकट १०० पिकोफॅरडच्या आसपास भार आउटपुटवर पडतो आणि कॅस्कोडही ३०० किलोहर्ट्झच दाखवतो. १०एक्सवर सुमारे १२ पिकोफॅरड पडतात. तरी आकडा पावणेदोन मेगाहर्ट्झच्या वर जाणार नाही. खरी बँडविड्थ पाहायची तर आउटपुटनंतर एमिटर फॉलोअर लावून त्याच्या पुढे मोजा.

दुसरी शंका दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसवरच्या ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटरची. तो सुटला किंवा लांब तारेने जोडला, तर बेस ग्राउंड राहत नाही, पहिल्याच्या कलेक्टरवर व्होल्टेज पुन्हा हलू लागतं आणि कधी बोर्ड ऑसिलेटही होतो. तपासणी सोपी आहे: इनपुटला १०० किलोहर्ट्झ द्या, पहिल्याच्या बेसवर ५ मिलिव्होल्ट येऊ द्या आणि मधल्या जोडावर प्रोब लावा. तिथेही साधारण ५ मिलिव्होल्टच दिसायला हवेत. कितीतरी जास्त दिसले तर आधी तो कपॅसिटर बघा. हा जोड २६ ओहमचा असल्याने इथे प्रोबमुळे फारसा फरक पडत नाही.

सप्लाय १२ व्होल्ट असावा. पहिल्याला काम करायला मधल्या जोडावर २.३ व्होल्ट राखावे लागतात, त्यामुळे आउटपुट त्याच्या खाली जाऊ शकत नाही. ५ व्होल्टवर हा बोर्ड चालवू नका. १ मिलिअँपिअरला लोडवरच ४.७ व्होल्ट पडतात.

आणि तुमचा सोर्स ५० ओहमचा असेल, तर ते ५६३ पिकोफॅरड तो सहज हलवतो. तिथे एका ट्रान्झिस्टरचा बोर्डही २.४ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो आणि कॅस्कोडने बँडविड्थ दुप्पटही होत नाही. अशा ठिकाणी आम्ही साधा बोर्डच सुचवतो. उरलेली कसर लोड रेझिस्टर कमी करून, थोडा गेन सोडून भरून काढता येते.