वागळे इस्टेटच्या प्रश्नातील चार आरोपी आणि ‘समान उद्देशा’मागचा इतिहास

ठाण्यातील विधीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या एका काल्पनिक प्रश्नाचे आदर्श उत्तर आणि त्या उत्तरामागची पार्श्वभूमी या टिपणात एकत्र मांडली आहे. अनेकांनी मिळून केलेल्या कृतीसाठी प्रत्येकाला जबाबदार धरणाऱ्या, समान उद्देशाच्या कलमाचा इतिहास माहीत नसेल, तर उत्तरातील प्रत्येक वाक्य पाठ करूनही विद्यार्थी ते चुकीच्या आरोपीला लावून बसतो. हा अनुभव उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बहुतेकांना येतो.

प्रश्नातील हकीकत अशी. वागळे इस्टेटमधील एका गोदामात माल उतरवण्याच्या कामावरून हमालांच्या दोन टोळ्यांत वाद धुमसत होता. जुलै २०२४ नंतरच्या एका रात्री आरोपी क्र. १, २ आणि ३ एकाच मोटारसायकलवरून ट्रिपल सीट आले. क्र. १ गाडी चालवत होता आणि त्याच्या पाठीशी, शर्टाखाली, सुमारे दीड फुटाचा कोयता खोचलेला होता. त्याच्यामागे क्र. २ आणि शेवटी क्र. ३ बसला होता. गोदामाच्या फाटकावरील सीसीटीव्हीत हा क्रम दिसतो. दुसऱ्या टोळीचा मुकादम बाहेर येताच क्र. २ ने त्याचे दोन्ही हात मागून धरले आणि क्र. १ ने कोयत्याचा पहिला वार त्याच्या खांद्यावर केला. ओरडा ऐकून मुकादमाचा भाऊ धावला, तेव्हा क्र. ३ ने तिथेच पडलेला बांबू उचलून त्याच्या मनगटावर हाणला. मनगटाचे हाड मोडले. त्यानंतर क्र. १ ने दुसरा वार डोक्यात घातला आणि त्या वाराने मुकादम मेला. क्र. ४ हा क्र. १ च्या ओळखीचा होता. तो शेजारच्या टपरीवरून येऊन बाजूला उभा राहिला आणि पुढे बाकीच्यांबरोबर पळाला. प्रत्येकाचे दायित्व ठरवा, असा प्रश्न आहे.

सर्वाधिक आढळणारे उत्तर एका वाक्यात संपते: चौघेही हजर होते, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या खुनाच्या कलम १०३(१) सह समान उद्देशाच्या कलम ३(५) खाली चौघेही खुनाला जबाबदार आहेत. १८६० सालचा कायदा आज जसाच्या तसा लागू असता, तर या उत्तराला निदान शब्दांचा आधार मिळाला असता. कलम ३(५) चा पूर्वज असलेले भारतीय दंड संहितेचे कलम ३४ मूळ रूपात इतकेच सांगत होते की, अनेक व्यक्तींनी मिळून गुन्हेगारी कृती केली असेल, तर त्यांच्यापैकी प्रत्येक जण ती कृती एकट्याने केल्याप्रमाणे जबाबदार राहील. त्यात उद्देशाचा शब्दही नव्हता. त्या मजकुराचा सैल अर्थ लावला, तर घटनास्थळी सापडलेल्या प्रत्येकाला शेवटच्या परिणामापर्यंत ओढत नेता आले असते.

हा धोका कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठासमोर १८६६ साली गोराचंद गोपे खटल्यात आला. चोरीच्या संशयावरून एका माणसाला पकडण्यात आले आणि पुढे त्याला मारहाण झाली. मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, पकडणाऱ्यांचा बेत त्याला केवळ पोलीस ठाण्यावर नेण्याचा असेल आणि मारहाण त्या बेताचा भाग नसेल, तर नुसते तिथे हजर होते म्हणून सगळ्यांना मारहाणीच्या परिणामांसाठी जबाबदार धरता येणार नाही. चार वर्षांनी, १८७० च्या दुरुस्तीने, ‘सर्वांचा समान उद्देश पुढे नेण्यासाठी’ हे शब्द कलमात आले. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलमाचा क्रमांक बदलून ३(५) झाला आणि ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तरी मजकुराचा गाभा १८७० चाच आहे. त्यामुळे जुने निवाडे आजही उपयोगी पडतात.

क्र. ४ चे उत्तर इथेच मिळते. त्याने शस्त्र आणले नाही, कोणाला अडवले नाही, पहारा दिला नाही आणि तो बाकीच्यांबरोबर आलाही नव्हता. पळून जाणे संशयास्पद आहे, पण पोलिसांच्या भीतीने निर्दोष माणूसही पळतो. पळण्यावरून वार होण्याआधीचा उद्देश सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुरेश विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २००१ च्या निवाड्यात घटनास्थळी हजर असलेल्या पण कृतीत सहभागी असल्याचे सिद्ध न झालेल्या स्त्रीला कलम ३४ खाली दोषी धरण्यास नकार दिला. क्र. ४ ला खुनाखाली दोषी धरता येणार नाही.

१८७० च्या शब्दांनी कलम आवळले खरे, पण पुढे काही न्यायाधीशांनी ते इतके आवळले की, ज्याच्या हातून प्राणघातक कृती झाली त्याच्याखेरीज कोणीच त्यात सापडेना. बरेंद्रकुमार घोष खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हा अर्थ मोडून काढला. ३ ऑगस्ट १९२३ रोजी कलकत्त्याच्या शंखारीटोला टपाल कार्यालयात मागच्या खोलीत पैसे मोजत बसलेल्या पोस्टमास्तरसमोर काही जण येऊन उभे राहिले. त्यांनी पैसे मागितले आणि लगोलग गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर मेला आणि हल्लेखोर पैसे न घेता पळाले. पिस्तुलासह पकडलेल्या आरोपीचा बचाव असा होता की, तो बाहेर अंगणात उभा होता आणि गोळी त्याने झाडलीच नाही. लॉर्ड समनर यांनी १९२५ च्या अहवालात छापलेल्या निवाड्यात म्हटले की, ‘गुन्हेगारी कृती’ म्हणजे एकेकाचा सुटा वार नव्हे. एकट्याने केले असते तर जे सगळे मिळून शिक्षापात्र ठरले असते, ते सलग वर्तन म्हणजे गुन्हेगारी कृती. त्यामुळे बाहेर उभा राहणाराही, ठरलेल्या कामाचा वाटा उचलत असेल, तर त्या सलग वर्तनात येतो.

पण हा निवाडा सहभागाबद्दल जितका उदार आहे, तितका तो उद्देशाबद्दल नाही. अंगणातला माणूस जबाबदार ठरतो, कारण तो बेतात सामील आहे. हे दुसरे अंग १९४५ च्या महबूब शाह खटल्यात पुढे आले. सिंधू नदीकाठी लव्हाळी कापून परतणाऱ्या होडीतील माणसांशी जमीनमालकाच्या पुतण्याचे भांडण झाले. बांबूचा तडाखा बसल्यावर त्याने मदतीसाठी हाका मारल्या. त्या ऐकून वली शाह आणि महबूब शाह बंदुका घेऊन आले. वली शाहने होडीवाल्यांपैकी अल्लाहदादवर गोळी झाडली आणि तो मेला. महबूब शाहने त्यांच्यातल्याच हमीदुल्लावर गोळी झाडली आणि तो जखमी झाला. दोघांचाही हेतू नातलगाला सोडवण्याचा असेल, पण अल्लाहदादला ठार मारण्याचा एकत्र बेत होता असे पुराव्यातून दिसत नाही, म्हणून सर माधवन नायर यांनी दिलेल्या निवाड्यात महबूब शाहची खुनाची शिक्षा रद्द झाली. सारखा उद्देश आणि समान उद्देश यांतली भिंत पातळ आहे, पण ती आहे, हे तेव्हापासून पक्के झाले. १९५५ च्या पांडुरंग विरुद्ध हैदराबाद राज्य या निवाड्यात न्या. विवियन बोस यांनी हेच अधिक ठामपणे मांडले: अनेक जण एकाच वेळी एकाच माणसावर तुटून पडले आणि प्रत्येकाला त्याला मारायचेच असले, तरी मने आधी जुळलेली नसतील, तर कलम ३४ लागत नाही. हे जुळणे घटनेच्या काही क्षण आधीही होऊ शकते, आणि ते बहुधा वर्तनावरूनच ताडावे लागते.

क्र. ३ च्या बाबतीत हमखास गफलत होते. त्याने दुसऱ्याच माणसाला मारले आहे, एवढे पाहून विद्यार्थी महबूब शाहचे नाव लिहितात आणि त्याला फक्त हाड मोडल्याबद्दल, म्हणजे कलम ११७(२) खाली, जबाबदार धरून मोकळे होतात. घटनाक्रम पुन्हा वाचला, तर चित्र बदलते. पहिला वार खांद्यावर झाला आहे, कोयता सगळ्यांना दिसला आहे, भाऊ सोडवायला धावला आहे, आणि नेमक्या त्या वेळी क्र. ३ त्याला बांबूने अडवतो. दुसरा, जीवघेणा वार त्यानंतर होतो. महबूब शाहच्या गोळीने अल्लाहदादचा मृत्यू सोपा झाला नव्हता, क्र. ३ च्या बांबूने मात्र दुसऱ्या वाराची वाट मोकळी झाली. तो क्र. १ बरोबर आला, शस्त्र पाहूनही मागे हटला नाही आणि मदतीला येणाऱ्याला रोखले. त्याची जागा सिंधूकाठच्या बंदूकधाऱ्यापेक्षा टपाल कार्यालयाच्या अंगणातल्या माणसाशी अधिक जुळते. माझ्या मते तो खुनाला जबाबदार आहे. आणि मनगटाच्या फ्रॅक्चरसाठी त्याला स्वतंत्रपणेही दोषी धरता येईल. मात्र भावाला बांबू दुसऱ्या वारानंतर बसला असता, तर मी उलट उत्तर दिले असते.

क्र. २ बद्दल बचाव पक्षाचे म्हणणे सहज सुचते: त्याला फक्त चोप द्यायचा होता, कोयत्याची त्याला कल्पना नव्हती. मारहाणीपुरताच समान उद्देश सिद्ध झाला असता, तर कलम ३(९) प्रमाणे एकाच कृतीत गुंतलेल्यांना वेगवेगळ्या गुन्ह्यांसाठी दोषी धरता आले असते. पण दोन गोष्टी आड येतात. मोटारसायकलवर तो क्र. १ च्या पाठीला चिकटून बसला होता आणि दीड फुटी कोयता त्याच पाठीशी होता. शिवाय पहिल्या वारानंतरही त्याने हात सोडले नाहीत, असे मुकादमाच्या भावाची साक्ष सांगते. शवविच्छेदन अहवालात मयताच्या हातांवर प्रतिकाराची एकही जखम नाही, यावरून या साक्षीला बळकटी मिळते. आधीचा बेत सिद्ध झाला नाही, तरी दोन वारांच्या मधल्या क्षणांत उद्देश एक झाला, असा निष्कर्ष काढता येतो.

क्र. १ साठी कलम ३(५) ची गरजच नाही. त्याची स्वतःची कृती पुरेशी आहे. विद्यार्थी आणखी एक चूक करतात: चौघे आहेत म्हणून बेकायदेशीर जमावाचे कलम १९० जोडतात. त्यासाठी किमान पाच जण लागतात आणि तिथे ‘समान उद्दिष्ट’ ही वेगळी कसोटी असते.

शेवटचा उपप्रश्न असा आहे की, कोयता कोणाच्या हातात होता हेच पुराव्यात सिद्ध झाले नाही आणि न्यायालयाने क्र. २, ३ आणि ४ ला निर्दोष सोडले, तर क्र. १ चे काय? कृष्णा गोविंद पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास हीच अडचण होती. चार नामनिर्देशित आरोपींपैकी तिघे सुटल्यावर, त्याच तिघांशी समान उद्देश होता असे म्हणून चौथ्याला खुनासाठी दोषी धरता येत नाही. त्यांच्याखेरीज इतर कोणी सामील होते असा आरोप आणि पुरावा असेल, तर गोष्ट वेगळी. त्यामुळे या उपप्रश्नात, वार क्र. १ ने केला हे स्वतंत्रपणे सिद्ध न झाल्यास, तोही खुनाच्या आरोपातून सुटेल. असे होऊ नये म्हणून अज्ञात साथीदार असतील, तर त्यांचा उल्लेख आरोप निश्चितीच्या वेळीच व्हायला हवा.