दीड महिन्याची लस: बाळाला परत का पाठवतात, मांडीवर सुई घेताना कसं धरायचं, नंतर काय करायचं

उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी मी अनेक वर्षं बसले आहे. दोन किलोमीटर उन्हातून आलेल्या आईला ‘आज नाही, नंतर या’ ऐकावं लागतं, तेव्हा वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं.

पहिला घोळ तारखेचा. दीड महिना म्हणजे पूर्ण 6 आठवडे, 42 दिवस. बाळ 1 जानेवारी 2025 ला जन्मलं असेल तर 12 फेब्रुवारीच्या आधी पेंटाचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस मिळणार नाही. उशीर झाला तर चालतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पण पुढचा डोस बाळाच्या वयावरून ठरवू नका. याच बाळाला पहिला डोस 5 मार्चला मिळाला, तर 12 मार्चला अडीच महिने भरतात म्हणून आई दुसऱ्यासाठी येते आणि परत जाते. दोन डोसांत किमान 4 आठवडे हवेत, म्हणजे 2 एप्रिल. ती तारीख नर्सबाईंकडून कार्डावर लिहून घ्या.

दुसरा घोळ कागदाचा. माता-बाल संरक्षण कार्ड आणा, हरवलं असेल तरी या. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंद असेल तर मोबाईल नंबरावरून सापडते. बाळंतपणाला माहेरी आलात म्हणूनही अडत नाही, लस कुठल्याही गावात मिळते. कार्ड किंवा आधार नाही म्हणून लस नाकारायची नसते. तरीही कुणी ‘आधी कागद करून आणा’ म्हणून तान्ह्या बाळाला परत पाठवलं, तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा, मुकाट्यानं घरी जाऊ नका.

साधी सर्दी, खोकला किंवा किरकोळ कणकण असली तरी लस देतात. कमी दिवसांचं बाळ तब्येतीनं ठीक असेल तर जन्मतारखेपासूनच दिवस मोजायचे. मागच्या डोसनंतर झटके आले असतील, अंगावर गांधी उठून श्वास लागला असेल, तर मात्र आधी सांगा.

आता टोचण्याचं. पोलिओ आणि रोटाचे थेंब तोंडानं, पोलिओचीच एक छोटी सुई उजव्या दंडावर, पेंटा डाव्या मांडीत, न्युमोकोकल उजव्या मांडीत. मांडीचा मधला भाग, पुढून किंचित बाहेरच्या बाजूला, तिथे सुई सरळ आत जाते. ‘कुल्ल्यावर द्या ना, तिथे मांस असतं’ असं आजी सांगतात. पण तान्ह्याच्या कुल्ल्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, शिवाय पायाकडे जाणारी मोठी नस तिथूनच जाते.

बाळाला टेबलावर आडवं करून दोघींनी दाबून धरू नका. खुर्चीवर बसून मांडीवर घ्या, लंगोट सोडून दोन्ही मांड्या मोकळ्या करा. थेंब पाजून झाले की अंगावर घ्या आणि दोन मिनिटं चोखू द्या. बाळाचा एक हात तुमच्या काखेखाली जाऊ द्या, दुसरा तुमच्या हातात ठेवा. ज्या पायात सुई आहे तो गुडघ्याजवळ हलक्या पण घट्ट हातानं धरा. पाय सैल असला की दुखणं कमी असतं. हिसका बसला तर सुई हलते आणि जास्त दुखतं. दूध तोडू नका. सुई निघाली की बोळा नुसता दाबून धरा, चोळू नका.

घरी मांडी लाल, थोडी सुजलेली दिसेल. स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा. हळद, तेल, गरम शेक नको. वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ काही आठवडे राहू शकते, ती आपोआप जिरते. गाठ वाढत गेली, तापली किंवा पू दिसला तर दाखवा.

ताप आला तर पॅरासिटामॉल देतात, लसीच्या आधी नाही. इथेच सर्वात मोठी चूक होते. साडेचार किलोच्या बाळाला सुमारे 60 मिलिग्रॅम पुरतं. 5 मिलीत 120 मिलिग्रॅम लिहिलेल्या सिरपचं ते अडीच मिली होतं. पण ड्रॉप्सच्या बाटलीवर 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असेल तर फक्त 0.6 मिली. शेजारणीनं सांगितलेलं ‘अडीच मिली’ ड्रॉप्समधून दिलं तर चौपटीहून जास्त औषध पोटात जातं! म्हणून वजन सांगा, बाटली नर्सबाईंना दाखवा आणि माप तिथेच ड्रॉपरवर खुणेनं दाखवून घ्या. दोन डोसांत किमान 4 ते 6 तास ठेवा.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. नंतर घरी सलग तीन तास रडणं न थांबणं, झटके, अंग लुळं पडणं, दूध न ओढणं, श्वास लागणं, यातलं काही दिसलं किंवा ताप दोन दिवसांवर गेला, तर आशाताईंची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. रात्री गाडी नसेल तर 108 ला फोन करा आणि कार्ड सोबत घ्या.