अल्फा थॅलेसेमियातील जनुकलोप
हिमोग्लोबिनमधील अल्फा ग्लोबिन ही प्रथिनशृंखला अपुरी तयार झाल्याने होणारा आनुवंशिक रक्तविकार. या शृंखलेची दोन जनुके १६ व्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येत असल्याने व्यक्तीजवळ एकूण चार जनुके असतात, आणि ही निरोगी स्थिती αα/αα अशी लिहितात. शेजारच्या दोन्ही जनुकांची रचना जवळजवळ सारखी असल्याने, अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची जुळणी कधी सरकून होते आणि असमान जनुकविनिमयातून एक जनुक गळते. अशा गुणसूत्राची खूण -α. दोन्ही जनुके एकदम नेणारे मोठे लोप (--) मात्र वेगळ्या तुटींतून आले असून आग्नेय आशियात ते विशेष आढळतात.

तीन जनुके चालू असलेला वाहक बहुधा रक्ततपासणीतही ओळखू येत नाही, म्हणून त्याला मूक वाहक म्हणतात. दोन उरल्यास तांबड्या पेशी लहान व फिकट होतात, पण पंडुरोग सौम्य असतो किंवा नसतोच. येथे बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाप्रमाणे हिमोग्लोबिन ए-२ वाढत नाही. त्यामुळे हा दोष लोहाच्या कमतरतेचा समजून अकारण लोह दिले जाण्याची शक्यता राहते. खात्रीसाठी डीएनए तपासणीच लागते.

केवळ मोजणी पुरेशी नाही, हे दोन जनुकांच्या वाहकावरून स्पष्ट होते. उरलेली दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर (--/αα) किंवा दोहोंवर एकेक (-α/-α) असू शकतात. व्यक्तीच्या प्रकृतीत यामुळे फारसा फरक पडत नाही, संततीत मात्र पडतो. दोन्ही पालक -α/-α असल्यास प्रत्येक अपत्य त्यांच्यासारखेच होते. दोघेही --/αα असल्यास दर गर्भधारणेत एकही जनुक न मिळण्याची शक्यता चारात एक असते. एक पालक --/αα व दुसरा मूक वाहक (-α/αα) असल्यास तितकीच शक्यता --/-α या अपत्याची, म्हणजे हिमोग्लोबिन एच रोगाची असते.

या रोगात एकच जनुक चालते. जोडीदार अल्फा शृंखला न मिळालेल्या हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखला चारचारांनी एकत्र येऊन हिमोग्लोबिन एच बनवतात. ते अस्थिर असल्याने पेशीत साखळते व प्लीहेत पेशी लवकर नष्ट होतात. ब्रिलियंट क्रेसिल ब्लू रंगाने रंगवल्यावर पेशी गोल्फच्या चेंडूसारखी ठिपकेदार दिसते. ताप, संसर्ग किंवा काही ऑक्सिडीकारक औषधांमुळे रक्त एकाएकी उतरू शकते. जनुक गळण्याऐवजी त्यात बिघाड असलेले काही प्रकार, विशेषतः हिमोग्लोबिन कॉन्स्टंट स्प्रिंगशी जोडलेला, सामान्यतः अधिक तीव्र असतात. तेथे जनुकांची मोजणी अपुरी पडते.

एकही जनुक नसल्यास गर्भात, तेथे बीटाऐवजी असणाऱ्या गॅमा शृंखलांचे चौकडे, म्हणजे हिमोग्लोबिन बार्ट्स, तयार होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयावरून हे नाव आले. ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते आणि ऊतींना सोडत नाही. भ्रूणावस्थेत अल्फाची जागा घेणारी झीटा शृंखलेची जनुके शाबूत असल्यास, झीटा व गॅमा शृंखलांपासून बनणाऱ्या हिमोग्लोबिन पोर्टलंडच्या अल्प पुरवठ्यावर गर्भ काही महिने तग धरतो, पण पुढे हृदय थकून सर्वांगाला सूज येते, म्हणजेच गर्भजलशोफ होतो. मातेलाही उच्च रक्तदाबाचा धोका असतो. उपचाराविना बाळ बहुधा गर्भातच किंवा जन्मानंतर लवकरच दगावते. गर्भाशयातच रक्त दिल्याने काही बाळे वाचली आहेत, मात्र त्यांना पुढे नियमित रक्त द्यावे लागते किंवा मूलपेशी प्रत्यारोपण करावे लागते.