यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओत कापता येतं, पण जोडता का येत नाही?

व्हिडिओ यूट्यूबवर चढला, व्ह्यूज जमू लागले आणि मग चूक दिसली, की पहिला प्रश्न हाच येतो: त्याच लिंकवर दुरुस्त केलेली फाइल टाकता येईल का? विमिओवर फाइल बदलायची सोय आहे. यूट्यूबवर नाही. तिथे नवी फाइल म्हणजे नवी लिंक आणि शून्यापासून व्ह्यूज. मला हा नियम पटतो. लाखभर लोकांनी पाहिलेल्या, वाखाणलेल्या व्हिडिओच्या जागी कुणी गुपचूप जाहिरात ठेवली, तर ते व्ह्यूज आणि त्या कमेंट्स कशाच्या म्हणायच्या?

म्हणून यूट्यूबने दिलेली हत्यारं बहुतेक वजाबाकीची आहेत. सुरुवातीच्या वर्षांत ऑडिओस्वॅप नावाची सोय होती. गाण्यावर हक्काचा दावा आला की ती व्हिडिओचा सगळा आवाज काढून त्यांच्या साठ्यातलं संगीत बसवायची. गाण्याबरोबर बोलणंही जायचं, त्यामुळे पाककृती किंवा शिकवणीच्या व्हिडिओला तिचा काही उपयोग नव्हता. आता दावा आलेलं गाणंच तेवढं पुसायचा किंवा त्या जागी दुसरं बसवायचा पर्याय मिळतो. मात्र गाण्यावरच कुणी बोलत असेल, तर पुसल्यानंतर ते बोलणं हेडफोन लावून ऐकून बघावं.

चेहरे धूसर करायची सोय जुलै २०१२ मध्ये आली, आणि तिचं कारण गंभीर होतं. आंदोलनांच्या चित्रणात दिसणाऱ्या माणसांना त्यांच्या चेहऱ्यामुळे धोका होता, आणि अशी सोय कुठल्याच व्हिडिओ साइटवर नाही हे ‘विटनेस’ या मानवाधिकार संस्थेने आदल्या वर्षी दाखवून दिलं होतं. त्या वेळी धूसर केलेली वेगळी प्रत तयार व्हायची. आता तेच काम जागच्या जागी, त्याच लिंकवर होतं. चॅनल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल आणि व्हिडिओचे व्ह्यूज १,००,००० च्या वर गेले असतील, तर कापाकापी जतन होईलच असं नाही. चेहरे धूसर करायला मात्र ती मर्यादा नाही, कारण तिथे प्रश्न कुणाच्या तरी सुरक्षिततेचा असतो.

भर घालायचंही एक साधन होतं, ते म्हणजे अ‍ॅनोटेशन. चित्रावर छोटी चौकट ठेवून ‘इथे चूक झाली, बरोबर आकडा असा’ असं लिहिता यायचं. २०१७ च्या मे महिन्यात नव्या चौकटी बंद झाल्या आणि १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही दिसेनाशा झाल्या. कितीतरी शैक्षणिक व्हिडिओंत चूक तशीच राहिली आणि दुरुस्ती तेवढी गेली. याचं मला अजून वाईट वाटतं.

आता एक उदाहरण घेऊ. कैरीच्या लोणच्याचा व्हिडिओ आहे. २:१० ते २:२२ या वेळात मागे ओट्यावर गॅसचं बिल दिसतंय, त्यावर मोबाइल नंबर आहे. आणि ५:४० ला ताई ‘एक किलो कैरीला अर्धा किलो मीठ’ म्हणून गेल्यात, म्हणायचं होतं पाव किलो.

बिलासाठी संगणकावर यूट्यूब स्टुडिओचा एडिटर उघडून `Custom blur` घ्यायचं आणि त्यावर चौकट ओढायची. कॅमेरा हलत असेल तर चौकट बिलामागून फिरती ठेवायची, स्थिर असेल तर जागेवर पक्की करायची. फिरती चौकट ताईंचा हात आडवा आला की सुटू शकते, म्हणून ते बारा सेकंद थांबत थांबत बघायचे.

मिठाचं वाक्य `Trim & cut` मध्ये ५:४० ते ५:४९ कापलं, की नऊ सेकंद गेले. वर्णनात ७:१५ ला ‘फोडणी’ लिहिलेलं असेल तर ते आपोआप सरकत नाही, हाताने ७:०६ करावं लागतं. बरोबर प्रमाण वर्णनात आणि वर पिन केलेल्या कमेंटमध्ये लिहायचं. जतन केल्यावर प्रक्रियेला काही तास लागू शकतात, तोवर लोकांना जुनंच दिसतं. बिलावरचा नंबर आजच झाकायचा असेल, तर तोवर व्हिडिओ `Private` करून ठेवावा.

पण शेवटी पडद्यावर साहित्याची पाटी असेल आणि तिच्यावरही ‘अर्धा किलो’ असेल, तर तो आकडा धूसर करता येतो, ‘पाव’ मात्र लिहिता येत नाही. पाटी कापून वर्णनावर भागत असेल तर ठीक. तेच चुकीचं प्रमाण घेऊन ताईंनी बरणी भरूनच दाखवली असेल, तर नव्याने चढवण्याला पर्याय नाही. दृश्य राहून गेलं असेल किंवा मूळ आवाजच फाटलेला असेल, तरी तेच. अशा वेळी जुना व्हिडिओ उडवू नये. वर्णनात सगळ्यात वर नव्याची लिंक द्यावी आणि तो `Unlisted` करावा. मग शोधताना तो पुढे येत नाही, पण कुटुंबाच्या गटावर कुणी आधी पाठवलेली लिंक चालू राहते, आणि त्या लिंकवरून येणाऱ्याला बरोबर मिठाकडे जायची वाट सापडते.